चौदाव्या महिन्यात दुकान बंद केलं तर? एका गाळ्याच्या कराराचा प्रकरण अभ्यास

लालबागमध्ये मसाल्याचं दुकान चालवणाऱ्या एका काकूंनी विलेपार्ले पूर्वेला दुसरा गाळा घ्यायचं ठरवलं होतं. मी कायदेशीर कागदपत्रांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो आणि काकू मला आमच्या चाळीपासून ओळखतात, म्हणून सही करायच्या चार दिवस आधी कागद घेऊन त्या माझ्याकडे आल्या. नाव सांगत नाही, आकडे ढोबळ केलेले आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

त्यांच्याकडे दोन प्रती होत्या. एक इंग्रजी करार, जो नोंदणीला जाणार होता. दुसरी त्याचं मराठी भाषांतर, जे दलालाने कुणाकडून तरी करून आणलं होतं. करार बोलण्यात 'भाडेकरार' असला तरी कागदावर लिव्ह अँड लायसन्स होता, म्हणजे जागा वापरायची परवानगी. मुंबईत गाळे बहुतेक असेच दिले जातात. मुदत ६० महिने. त्याहून लांब मुदत झाली की मुद्रांक शुल्काच्या दृष्टीने तो करार भाडेपट्ट्यासारखा धरला जातो आणि शुल्क खूप वाढतं, त्यामुळे हा ६० चा आकडा बहुतेक करारांत दिसतो. दरमहा शुल्क ६०,००० रुपये, दरवर्षी ८ टक्के वाढ, सहा महिन्यांचं डिपॉझिट म्हणजे ३,६०,००० रुपये, आणि ३६ महिन्यांचा लॉक-इन.

काकूंचा प्रश्न एकच होता. "मराठीत सगळं लिहिलंय, मी वाचलंय. तू फक्त सांग, सही करू ना?"

मी आधी जे केलं ते चुकलं, तेही सांगतो. मी तिन्ही कलमं एकेक करून समजावली. लॉक-इन म्हणजे काय, भाडेवाढ म्हणजे काय, डिपॉझिट म्हणजे काय. काकू प्रत्येक वेळी "हो, हो" म्हणाल्या. मला वाटलं, झालं काम. मग सहज म्हणालो, "काकू, आता तुम्ही मला सांगा, लॉक-इन म्हणजे काय?" त्या म्हणाल्या, "म्हणजे तीन वर्षं मालक आपल्या दुकानाला कुलूप लावू शकत नाही. तीन वर्षं निर्धास्त."

हा अर्थ त्यांना कुठून मिळाला ते मराठी प्रत उघडल्यावर कळलं. तिथे लॉक-इन पीरियडचं भाषांतर होतं 'कुलूपबंद कालावधी'. आणि वाक्य असं होतं: 'परवानाधारकास कुलूपबंद कालावधीत सदर करार निश्चित करण्याचा अधिकार राहणार नाही.' इंग्रजीत शब्द होता 'डिटर्माइन'. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ठरवणं, निश्चित करणं असा होतो. कराराच्या भाषेत मात्र 'करार डिटर्माइन करणं' म्हणजे करार संपवणं. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला. आता काकूंनी ते वाक्य कितीही वेळा वाचलं असतं तरी त्यातून 'तीन वर्षं तुम्ही सोडून जाऊ शकत नाही' हे निघालं नसतं. करार निश्चित तर झालेलाच आहे, मग तो निश्चित करायचा अधिकार नसला तर बिघडलं काय? वाक्य व्याकरणाने बरोबर असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. माझ्या मते भाषांतरातली ही सगळ्यांत वाईट जात. चुकीचं वाक्य अडखळायला लावतं, हे अडखळायलाही लावत नाही.

म्हणून मी आधी तेवढंच वाक्य पुन्हा लिहून दिलं: 'पहिल्या ३६ महिन्यांत गाळा घेणाऱ्याला करार मध्येच संपवता येणार नाही.' काकूंनी ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "आणि मालकाला?"

हा प्रश्न अगदी नेमका होता. कलमात बंधन फक्त परवानाधारकावर होतं. दोन पानं पुढे वेगळ्या कलमात मालकाला कधीही दोन महिन्यांची नोटीस देऊन करार संपवायची मुभा होती. म्हणजे ज्याला काकू आपलं संरक्षण समजत होत्या, त्यात त्यांच्यासाठी काहीच नव्हतं. शटर, रॅक, काउंटर, बोर्ड, वीज जोडणीवर चार लाख घालून सहाव्या महिन्यात नोटीस आली असती तर हा करार त्यांच्या बाजूने एक शब्द बोलला नसता.

या गैरसमजाला आणखी एक मूळ होतं आणि ते भाषांतरात नव्हतं. काकूंचं लालबागचं दुकान पागडीचं आहे, सासऱ्यांच्या काळापासूनचं. पागडीत एकदा मोठी रक्कम द्यायची, मग महिन्याचं भाडं नाममात्र, आणि भाडेकरू म्हणून कायद्याचं संरक्षण. ती रक्कम मालकाकडून परत मागायची नसते. जागा दुसऱ्याच्या नावावर करताना नव्या माणसाकडून पैसे येतात आणि त्यात मालकाचा हिस्सा जातो. काकूंच्या डोक्यात जागा म्हणजे हेच. त्यामुळे 'सुरक्षा ठेव' वाचून त्यांनी मनात हिशेब केला होता की साडेतीन लाख दिले, आता जागेवर आपला काहीतरी हक्क बसला. लिव्ह अँड लायसन्समध्ये तसा कुठलाही हक्क बसत नाही. डिपॉझिट हे मालकाच्या हातातलं तारण असतं, मुदत संपली की जागा जाते आणि तारण परत येतं. मुंबईच्या जुन्या भागातल्या दुकानदाराला हे कलम समजावताना पागडीचा विषय आपणच काढावा, असं मी या प्रकरणापासून ठरवलं आहे. समोरचा तो काढत नाही, कारण त्याच्यासाठी ते गृहीतच असतं.

मग आम्ही भाडेवाढीकडे वळलो. मराठी प्रतीत होतं, 'शुल्कात दर बारा महिन्यांनी ८ टक्के वाढ होईल.' ८ टक्के कशावर? मराठी वाक्य गप्प. इंग्रजीत 'लास्ट पेड लायसन्स फी' असं स्पष्ट होतं, म्हणजे त्याआधी शेवटी भरलेल्या शुल्कावर. काकूंना सरळव्याज आणि चक्रवाढव्याज नीट माहीत आहे, पतपेढीत खातं आहे त्यांचं. मी म्हणालो, "ही वाढ चक्रवाढ आहे." त्यांनी बिलबुक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने आकडे मांडले. हळदीने पिवळी पडलेली बोटं, पण आकडेमोड माझ्यापेक्षा जलद. पहिलं वर्ष ६०,०००. दुसरं ६४,८००. इथपर्यंत दोन्ही पद्धतींत फरक नाही, म्हणून पहिल्या वाढीच्या वेळी कुणाच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या वर्षी मूळ शुल्कावर धरलं तर ६९,६०० आणि चक्रवाढीने ६९,९८४. पाचव्या वर्षी ७९,२०० विरुद्ध ८१,६२९. पाच वर्षांचा एकूण फरक साधारण ४८,००० रुपये.

"म्हणजे बुडवणारं नाही," काकू म्हणाल्या. खरं आहे. भाडेवाढीच्या कलमात लोक फार घाबरतात ते टक्क्याला, आणि त्यावरच घासाघीस करतात. या करारात खरा भार ८ टक्क्यांत नव्हता. ही वाढ बाकीच्या दोन कलमांत कुठे कुठे शिरते, त्यात होता.

ते दिसलं डिपॉझिटच्या कलमात. मराठी प्रत: 'सुरक्षा ठेव सहा महिन्यांच्या शुल्काइतकी राहील.' काकूंनी वाचलेला अर्थ: सहा साठे तीनशे साठ, एकदा भरले की विषय संपला. इंग्रजीत त्या वाक्यात 'ॲट ऑल टाइम्स' हे शब्द होते. सर्व काळ. म्हणजे शुल्क वाढेल तशी ठेवही वाढवून द्यायची. दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या तारखेला ठेव ३,८८,८०० व्हायला हवी, म्हणजे २८,८०० आणखी भरायचे. तिसऱ्या वर्षी आणखी ३१,१०४. हे पैसे परत मिळणारे आहेत, पण बिनव्याजी अडकतात, आणि मिरचीची खरेदी जोरात असते त्या दिवसांच्या आसपासच द्यावे लागतात. काकूंच्या धंद्यात मार्च ते मे हा मसाल्याचा हंगाम. करार १ जूनपासून सुरू होणार होता. हंगामाचा माल भरून हातातली रोकड संपलेली, आणि त्याच वेळी वाढीव भाडं अधिक वाढीव ठेव. कराराच्या कुठल्याही भाषांतरात हे लिहिलेलं नसतं, ते दुकानदाराच्या वर्षाशी कलम जोडून बघितल्यावरच दिसतं.

आता मी पद्धत बदलली. तीन कलमं तीन वेळा समजावण्याऐवजी एकच प्रश्न ठेवला. "काकू, समजा पार्ल्यात गिऱ्हाईक जमलं नाही. चौदा महिने चालवून तुम्ही दुकान बंद केलं. त्या दिवशी मालकाशी हिशेब काय होईल?"

त्या म्हणाल्या, "डिपॉझिट बुडेल. तेवढं सोसू."

आम्ही तो हिशेब बिलबुकाच्या मागच्या बाजूलाच मांडला. लॉक-इनच्या कलमात पुढे असं होतं की आधी सोडल्यास लॉक-इनच्या उरलेल्या सगळ्या महिन्यांचं शुल्क एकरकमी द्यावं लागेल. चौदा महिने झाले, उरले २२. त्यातले पंधराव्यापासून चोविसाव्यापर्यंतचे १० महिने ६४,८०० च्या दराने, म्हणजे ६,४८,०००. पुढचे १२ महिने तिसऱ्या वर्षाच्या ६९,९८४ च्या दराने, म्हणजे ८,३९,८०८. अजून न आलेल्या वर्षाची भाडेवाढही धरली जाते. एकूण १४,८७,८०८. मालकाच्या हातात तोवर ३,८८,८०० ठेव आहे, ती तो आधी वळती करून घेणार. तरी देणं उरतं १०,९९,००८ रुपये.

काकू बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिलीने त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. तोवर त्यांना तिन्ही कलमं 'माहीत' होती. ती एकमेकांत गुंतलेली आहेत हे त्या क्षणी कळलं: लॉक-इन किती महिने मोजायचे ते सांगतो, भाडेवाढ दर सांगते, आणि डिपॉझिट वसुली कुठून सुरू होईल ते सांगतं.

इथे एक गोष्ट सांगणं माझं कर्तव्य होतं, नाहीतर मी त्यांना नुसतं घाबरवलं असतं. करारात लिहिली म्हणून ती सगळी रक्कम मालकाला मिळेलच असं नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ७४ सांगतं की करार मोडल्यास किती द्यायचं ते लिहून ठेवलेलं असलं, तरी न्यायालय वाजवी भरपाई देतं आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. मालकाने दोन महिन्यांत गाळा दुसऱ्याला दिला, तर बावीस महिन्यांचं शुल्क मागणं त्याला जड जाईल. पण हा युक्तिवाद न्यायालयात करायचा आहे. तिथपर्यंत ठेव मालकाच्या खात्यात असते आणि ती सोडवून आणायला काकूंना जावं लागतं. प्रत्यक्षात डिपॉझिट ज्याच्या हातात, त्याला घाई नसते. या मुद्द्यावर त्यांनी वकिलाचं मत घ्यावं असं मी सांगितलं आणि त्यांनी ते घेतलंही. भाषांतरकाराने कलमाचा अर्थ सांगावा, न्यायालयात काय टिकेल याची हमी देऊ नये.

आणखी एक फट होती, जी मला दुसऱ्या वाचनात सापडली. लॉक-इन संपल्यानंतर दोन महिन्यांची नोटीस देऊन काकूंना करार संपवता येईल, असं इंग्रजीत होतं. 'एक्स्पायरी' नंतर नोटीस द्यायची, म्हणजे छत्तिसावा महिना संपल्यावर नोटीस आणि मग दोन महिने. लॉक-इन ३६ चा नाही, खरा ३८ चा.

आणि डिपॉझिट परत कधी? 'जागा रिकामी केल्यापासून साठ दिवसांत, देणी व नुकसानभरपाई वजा करून.' नुकसान कोण ठरवणार हे नव्हतं. 'नैसर्गिक झीज सोडून' हे शब्द इंग्रजीत होते, मराठीत गळले होते. मसाल्याच्या दुकानात भिंतींना रंग चढतो, वास मुरतो. ते काकूंसाठी नुसते शब्द नव्हते, रंगकामाचं बिल होतं.

शेवटच्या पानावर जे कलम होतं ते मी मुद्दाम शेवटी दाखवलं: दोन प्रतींत फरक आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य. मराठी प्रतीवर कुणाची सहीसुद्धा होणार नव्हती. काकूंनी विचारलं, "मग मी वाचलं ते काय होतं?" मला नीट उत्तर देता आलं नाही. मी एवढंच म्हणालो की नोंदणीला जाईल तोच कागद तुमचा.

मात्र एक कागद असा निघाला की ज्याला भाषांतराची गरजच नव्हती. दलालाने मुद्रांक शुल्काचा हिशेब काढून दिला होता. लिव्ह अँड लायसन्सवर महाराष्ट्रात पूर्ण मुदतीच्या एकूण शुल्कावर ०.२५ टक्के मुद्रांक लागतो, आणि परत मिळणाऱ्या ठेवीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याजही त्या रकमेत मिळवतात. तो काढायला प्रत्येक वर्षाचं शुल्क आकड्यात लिहावंच लागतं. त्या कागदावर तिसऱ्या वर्षापुढे ६९,९८४ होतं. वाढ चक्रवाढ आहे की नाही हे तिथे एका नजरेत कळत होतं. तुमच्या करारातलं वाक्य मोघम वाटलं तर हा कागद मागा. शब्दांत जे झाकलं जातं ते आकड्यांत उघडं पडतं, कारण आकडा न लिहिता शुल्क भरताच येत नाही.

दोन दिवसांनी काकू, त्यांचा मुलगा आणि मी मालकांच्या घरी बसलो. मालक निवृत्त गृहस्थ, गैरव्यवहाराचा माणूस नव्हे. त्यांचा करार कुठल्यातरी कंपनीला दिलेल्या गाळ्यावरून उतरवलेला होता. काकूंनी बिलबुकाचं ते पान समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, चौदाव्या महिन्यात माझं चाललं नाही तर तुम्ही माझ्याकडून अकरा लाख घ्याल का?" ते म्हणाले, "छे हो, मला तीन-चार महिने रिकामा राहिला तर तेवढे मिळाले म्हणजे झालं." मुलगा लगेच म्हणाला, "मग तेवढंच लिहू या."

सगळं काही मिळालं नाही. चक्रवाढ तशीच राहिली, मालक तिथे हलले नाहीत, आणि आम्हीही फार ताणलं नाही. लॉक-इन ३६ वरून २४ महिन्यांवर आला आणि दोघांवर बंधनकारक झाला, फक्त शुल्क सलग दोन महिने थकलं तर मालकांना सुटता येईल. आधी सोडल्यास कमाल तीन महिन्यांचं शुल्क. नोटीस लॉक-इन संपण्याआधी देता येईल, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी संपतील. ठेव ३,६०,००० वर कायम, वाढवायची नाही. ती किल्ल्या देतानाच परत, वीजबिलापुरती रक्कम तेवढी मागे ठेवून. चालू स्थितीचे फोटो दोघांच्या सहीने करारासोबत. यातलं कुठलंही वाक्य मोघम राहू नये म्हणून पाच वर्षांचा तक्ता परिशिष्ट म्हणून जोडला: तारीख, मासिक शुल्क, ठेव, आणि त्या वर्षात सोडल्यास जास्तीत जास्त देणं. तक्ता मराठीत आणि इंग्रजीत, आकडे दोन्हीकडे तेच, आणि तो कराराचा भाग असल्याचं इंग्रजी प्रतीत लिहिलेलं.

चौदाव्या महिन्याचा हिशेब आम्ही पुन्हा मांडला. तीन महिन्यांचे १,९४,४०० जातील, ठेवीतले १,६५,६०० परत येतील. काकू म्हणाल्या, "हे मला झेपतं."

नोंदणीच्या दिवशी ऑपरेटरने अंगठ्यासाठी यंत्र पुढे केलं तेव्हा काकूंनी त्याला थांबवलं आणि परिशिष्टातला तक्ता स्क्रीनवर भरलेल्या शुल्काशी ओळीने ताडून पाहिला. पाचही वर्षं जुळली. करार नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मालकाची असते, पण नोंदवलेली प्रत आपल्याकडे हवीच, म्हणून ती त्यांनी मुलाच्या फोनवर तिथेच मागवून घेतली. मग पर्समधून दुकानाची वही काढली आणि मागच्या पानावर लिहिलं: 'पार्ले गाळा. ३१ मे, दुसरं वर्ष, लॉक-इन संपतो. सोडायचं असेल तर ३१ मार्चच्या आत नोटीस.' त्याखाली कंसात: 'हंगाम बघून ठरवणे.'